तीन दिवसांत अडीच किलो: काट्यावरून नक्की काय उतरतं?

लग्नसराई जवळ आली, की मोबाइलवर जाहिरातींची गर्दी होते. चौदा दिवसांचा डीटॉक्स टी, तीन दिवसांचा ज्यूस क्लेन्झ, झोपेत चरबी जाळणाऱ्या फॅट बर्नर गोळ्या. सोबत कुणाची तरी 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रं असतात. ऑफिसातली एखादी मैत्रीण सांगते, "अगं, खरंच फरक पडतो, मी स्वतः काट्यावर बघितलंय."

तिचं म्हणणं खोटं नसतं. काटा खरोखरच खाली आलेला असतो. म्हणून 'हे सगळं थोतांड आहे' एवढं सांगून भागत नाही, आणि तसं सांगितलेलं कुणाला पटतही नाही. त्यापेक्षा तिच्या शरीरातून काय बाहेर गेलं ते मोजून बघू.

अडीच किलोंचा हिशेब

समजा, ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत बसून काम करणाऱ्या एक बाई आहेत. वजन ७० किलो. त्यांच्या शरीराला दिवसाला साधारण १९०० कॅलरी लागतात. त्या तीन दिवसांचं ज्यूस पॅकेज मागवतात. रोज सहा बाटल्या आणि त्यांतून मिळून हजारेक कॅलरी. म्हणजे दिवसाला ९०० कॅलरींची तूट आणि तीन दिवसांत २७००.

एक किलो चरबी कमी व्हायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते. त्या हिशेबानं ही सगळी तूट चरबीतूनच भरून निघाली, असं मानलं तरी बाईंची ३५० ग्रॅम चरबी जाईल. हा आकडासुद्धा उदार आहे, कारण तुटीचा काही भाग शरीर स्नायूंतून आणि साठवलेल्या साखरेतून भागवतं. पण चौथ्या दिवशी सकाळी काटा दाखवतो अडीच किलो कमी. मग उरलेले दोन किलोंहून जास्त गेले कुठे?

बराचसा भाग पाण्याचा आहे. आपलं यकृत आणि स्नायू मिळून सुमारे ५०० ग्रॅम साखर साठवून ठेवतात. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो कोरडा नसतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं, की शरीर आधी या साठ्याला हात घालतं. त्यातले ३०० ग्रॅम वापरले गेले, की त्यांच्यासोबतचं ९०० ग्रॅम पाणीही लघवीवाटे निघून जातं. म्हणजे सव्वा किलो इथेच उतरलं. शिवाय ज्यूसमध्ये मीठ जवळपास नसतं. रोजचं लोणचं, पापड, आमटी बंद झाली, की मिठानं धरून ठेवलेलं पाणीही सुटतं. राहिलं आतड्यातलं. पोळी-भाजीचा चोथा तीन दिवस पोटात गेलेलाच नाही, त्यामुळे आतडं रिकामं होतं आणि काटा आणखी थोडा खाली येतो.

पाचव्या दिवशी बाई भाकरी, पिठलं आणि भात जेवतात. ग्लायकोजेनचा साठा भरतो, त्याच्याबरोबर पाणी परत येतं, आतडंही भरतं. आठवडाभरात काटा जवळजवळ होता तिथे येतो. बाईंना वाटतं, आपण खाऊन सगळं घालवलं. यात त्यांची काहीच चूक नसते. जे परत आलं ते पाणी होतं आणि ते येणारच होतं. विकणाऱ्याचा फायदा मात्र नेमका इथे आहे. 'क्लेन्झनं काम केलं, तुम्हीच टिकवलं नाही' असं म्हणायला त्याला वाव मिळतो आणि पुढच्या महिन्याचं पॅकेज खपतं.

चरबी शरीरातून जाते तरी कुठून?

हा प्रश्न पुष्कळ डॉक्टरांनाही गोंधळात टाकतो. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा नेटका हिशेब मांडला. १० किलो चरबी पूर्ण जळाली, तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात आणि उरलेल्या १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणजे चरबीचा मोठा भाग आपण श्वासावाटे बाहेर टाकतो.

चरबी संडासवाटे 'साफ' होत नाही आणि लघवीतून 'वितळून' वाहूनही जात नाही. ती आधी पेशींमध्ये जळावी लागते आणि शरीराला ऊर्जेची गरज पडेल त्या प्रमाणातच ती जळते. म्हणून पोट साफ करून चरबी घालवण्याचा दावा मुळात चुकीच्या दारावर उभा आहे. डीटॉक्स टी ज्या दारावर काम करतो, ते हेच.

चहात काम करतं ते सोनामुखी

या चहांच्या पाकिटावर आलं, दालचिनी, गवती चहा, ग्रीन टी, लिंबाची साल अशी छान छान नावं असतात. ती चवीपुरती. बऱ्याच कंपन्या 'सकाळचा' आणि 'रात्रीचा' असे दोन चहा देतात. सकाळच्या चहात कॅफिन असतं, त्यानं थोडी तरतरी येते. रात्रीच्या पाकिटावरची यादी चष्मा लावून वाचली, तर अनेकदा 'सेन्ना' हा शब्द सापडतो. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी. आजीच्या बटव्यातलं जुलाबाचं औषध.

सोनामुखीतलं द्रव्य पोटातून आणि लहान आतड्यातून तसंच पुढे सरकतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात आणि तयार झालेलं रसायन आतड्याच्या भिंतीला चिमटे काढल्यासारखं हलवतं. शिवाय आतड्यात पाणी शोषलं जाणं कमी होतं. याला सहा ते बारा तास लागतात. रात्री दहाला चहा प्यायला, की सकाळी पोटात कळ येते ती यामुळे.

पण अन्नातल्या कॅलरी शोषल्या जातात लहान आतड्यात, म्हणजे सोनामुखीचं काम सुरू होण्याच्या आधीच. हे मोजूनही झालं आहे. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुलाबाचं औषध घेतल्यावर स्त्रियांच्या शरीरात किती कॅलरी शोषल्या जातात, हे तपासलं होतं. चार ते सहा लिटर जुलाब होऊनही कॅलरींचं शोषण फक्त १२ टक्क्यांनी घटलं. चार लिटर जुलाब म्हणजे सलाइन लावायची वेळ. त्याच्या बदल्यात जेवणातली दीड पोळी वाचली म्हणायची.

आणि जे बाहेर जातं त्यात पाण्याबरोबर पोटॅशियम असतं. पोटॅशियम हा क्षार स्नायूंना आणि हृदयाला ठोका देण्यासाठी लागतो. तो घसरला, की आधी पायात गोळे येतात, हातपाय गळून जातात, मग छातीत धडधड होते. फारच खाली गेला, तर हृदयाची लय बिघडते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी' घेणाऱ्यांचं पोटॅशियम आधीच कमी होत असतं. त्यांनी वरून असा चहा घेणं विशेष धोक्याचं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनाही एक गोष्ट कुणी सांगत नाही. गोळी घेतल्यावर जोराचे जुलाब झाले, तर ती पुरती शोषली जात नाही आणि तिचा भरवसा राहत नाही.

आणखी एक चक्र बघण्यासारखं आहे. सोनामुखी आठवडा-दोन आठवड्यांच्या वर सलग घेऊ नये, असा वैद्यकीय सल्ला असतो. ती बरेच दिवस घेऊन अचानक थांबवली, की पोट चार-पाच दिवस हलत नाही. माणसाला वाटतं, 'बघा, आत किती घाण साचली आहे', आणि तो पुन्हा चहाचं पाकीट उघडतो. चहामुळे झालेल्या बद्धकोष्ठावर चहाच औषध म्हणून घेतला जातो.

'पण शरीरातली विषारी द्रव्यं तर निघायला हवीत ना?'

कोणती द्रव्यं? हा प्रश्न खोचक नाही, सरळ आहे. २००९ साली ब्रिटनमधल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी डीटॉक्सच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पंधरा उत्पादनांच्या कंपन्यांना हेच विचारलं होतं. त्यांच्या उत्पादनानं नेमकं कोणतं विषद्रव्य निघतं, ते कुणालाही सांगता आलं नाही. शिसं, पारा, अमोनिया, काहीतरी नाव हवं. नाव असेल तर ते रक्तात आधी किती होतं आणि नंतर किती राहिलं हे मोजता येतं. नाव न घेण्यात सोय आहे.

शरीरात त्रासदायक रसायनं तयार होतात, हे खरंच आहे. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. दारू, औषधं, जुने संप्रेरक यांचीही वासलात यकृतच लावतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं कामाचं जवळजवळ सगळं परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हे काम रविवारीही चालू असतं. ते थांबलं, तर माणूस 'जड जड' वाटण्यापुरता आजारी पडत नाही. त्याला कावीळ होते, अंगावर सूज येते, शुद्ध हरपते. मग डायलिसिस लागतं किंवा अतिदक्षता विभाग. हॉस्पिटलात 'डीटॉक्स' हा शब्द दारू सोडवताना किंवा विषबाधेत वापरतात. तिथे विषाचं नाव ठाऊक असतं आणि उपचार त्या नावावर ठरतो.

'पण मला खरंच हलकं वाटलं', असं कुणी म्हटलं तर त्यावर वाद घालू नये. तीन दिवस वडापाव, दारू, रात्री अकराचं जेवण आणि खारवलेले पदार्थ बंद केले, तर कुणालाही हलकं वाटेल. त्याचं श्रेय बाटलीला द्यायचं की बंद केलेल्या गोष्टींना, एवढाच मतभेद आहे.

रस नैसर्गिक आहे, मग त्यात काय वाईट?

महाराष्ट्रात याचं उत्तर दुधी भोपळ्यापासून द्यावं लागेल. सकाळी फिरून आल्यावर बागेबाहेरच्या गाडीवर दुधीचा रस पिणारे तुम्ही पाहिले असतील. दुधी हा काकडी, कारलं, भोपळा यांच्या कुळातला. या कुळातल्या वेली किडीपासून बचावासाठी कुकुर्बिटासिन नावाची कडू रसायनं बनवतात. भाजीच्या दुधीत ती नगण्य असतात. पण एखाद्या फळात ती खूप वाढतात आणि बाहेरून ते फळ अगदी नेहमीसारखं दिसतं.

असा कडू रस पोटात गेला, की थोड्याच वेळात पोटात कळा, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. पुढे रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यावर उतारा नाही. डॉक्टर सलाइन आणि आधाराचे उपचारच देऊ शकतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं यावर तज्ज्ञांची समिती नेमली. पुण्यात जून २०१८ मध्ये चाळिशीतली एक महिला सकाळच्या व्यायामानंतर दुधीचा रस प्यायली आणि काही दिवसांत दगावली. ती बातमी तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होती.

समितीचा सल्ला साधा होता. रस काढण्याआधी फोडीचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर दुधी फेकून द्या. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी किंवा जुलाब झाले तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. यातली न मिसळण्याची सूचना फार महत्त्वाची आहे, कारण कडवटपणा हीच धोक्याची घंटा असते आणि कारल्याच्या रसात ती ऐकूच येत नाही. 'जेवढं कडू तेवढं गुणकारी' ही आपली समजूत इथे जिवावर बेतते. दुधीची भाजी किंवा हलवा करताना हा प्रसंग सहसा येत नाही. कडू भाजी आपण पहिल्या घासालाच बाजूला सारतो. रस मात्र नाक दाबून एका दमात प्यायला जातो.

पालक-बीटच्या हिरव्या-लाल रसांचा धोका वेगळा आणि संथ आहे. पालकात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य बरंच असतं. भाजीसाठी पालक शिजवून पाणी टाकलं, की ते कमी होतं. पण कच्च्या पालकाच्या दोन जुड्या रोज मिक्सरमधून काढल्या, तर ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात बसू शकतात. ज्यूस क्लेन्झनंतर मूत्रपिंडं निकामी झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. त्यांतल्या काहींची मूत्रपिंडं आधीपासून थोडी कमजोर होती आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मधुमेह असलेल्यांसाठी तर फळांच्या रसाचा क्लेन्झ दुधारी आहे. चोथा काढून टाकलेल्या रसातली साखर झपाट्यानं रक्तात येते. दुसरीकडे, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि जेवण मात्र टाळलं, तर काही तासांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्यांना वाटतं उपासाचा थकवा आहे.

फॅट बर्नर: कोकमाचा भाऊबंद आणि बेलाचं पान

आता गोळ्यांकडे येऊ. डबीवर 'हर्बल' लिहिलेलं असतं आणि त्यात सहसा तीन-चार गोष्टी असतात: कॅफिन, ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया कंबोजिया.

गार्सिनिया कंबोजिया आपल्या कोकमाच्याच कुळातलं. केरळात माशाच्या कालवणात त्याची वाळवलेली आंबट फोड घालतात, आपण आमसूल घालतो तशी. त्यातलं आम्ल शरीरात चरबी तयार होणं रोखतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आणि जगभर गोळ्यांचा बाजार सुरू झाला. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर बारा आठवडे नीट चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. खऱ्या गोळीनं काहीही जास्त फायदा झाला नाही. पोकळ गोळीवाल्यांचंच वजन किंचित जास्त उतरलं होतं. नंतर या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र येत राहिल्या. सोलकढी आणि कोकम सरबत पिणाऱ्यांनी यावरून घाबरायचं कारण नाही. ताटातलं प्रमाण आणि गोळीत दाबून भरलेला अर्क यांची बरोबरी होत नाही.

ग्रीन टीचंही तेच. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली याचा आढावा घेतला. नेहमी ग्रीन टी पिणाऱ्यांच्या पोटात त्यातलं मुख्य द्रव्य दिवसाला ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. गोळ्यांतून ते ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसल्या. काहींना तर त्याहून कमी मात्राही बाधते. त्यामागे जनुकीय ठेवण असते आणि आपण त्या थोड्यांत आहोत का, हे आधी कळायला मार्ग नाही. मैत्रिणीला सोसलं म्हणून आपल्याला सोसेल, असं इथे धरता येत नाही.

बेलाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. बेलाच्या पानात एजेलिन नावाचं द्रव्य असतं. एका अमेरिकी कंपनीनं ते कारखान्यात कृत्रिमरीत्या तयार केलं आणि 'ऑक्सीएलिट प्रो' नावाच्या फॅट बर्नरमध्ये घातलं. २०१३ साली हवाईतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की तरुण, धडधाकट माणसं कावीळ घेऊन येत आहेत आणि त्यांच्यात हे उत्पादन समान आहे. काहींना यकृत बदलावं लागलं, मृत्यूही झाला. शेवटी उत्पादन बाजारातून मागे घ्यावं लागलं. बेलफळाचं सरबत आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो. पण त्या झाडातलं एकच द्रव्य वेगळं काढून, मात्रा वाढवून, कॅफिनसोबत रोज दिलं तर काय होतं, याचा अनुभव परंपरेत कुठेच नव्हता.

आणि एखादी गोळी खरंच लागू पडली तर?

उलट, तेव्हा जास्त सावध व्हायला हवं. 'हर्बल' गोळीनं भूक एकदम मेली, तोंडाला कोरड पडली, झोप उडाली, नाडी वाढली, तर त्या डबीत लिहिलेलं सोडून आणखी काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते.

ते बहुतेक वेळा सिबुट्रामिन असतं. हे एके काळी डॉक्टर देत असत. मेंदूतल्या रसायनांवर काम करून ते भूक मारतं, पण नाडी आणि रक्तदाब वाढवतं. सुमारे १० हजार लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. २०१० साली ते युरोप-अमेरिकेतून गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ ते २०१६ या काळात वजन घटवण्याच्या ज्या ३१७ पूरक उत्पादनांत छुपी औषधं पकडली, त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांत सिबुट्रामिन होतं. अशाच उत्पादनांत कधीकधी फिनॉल्फ्थॅलिनही सापडतं. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत गुलाबी होणारा द्रव आठवतो ना, तोच. तेही पूर्वी जुलाबाचं औषध होतं. कर्करोगाच्या शंकेनं ते मागे पडलं.

सगळ्यात भयंकर म्हणजे डीएनपी. हे पिवळं रसायन स्फोटकं आणि रंग बनवण्यासाठी वापरलं जाई. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार यामुळे रोडावत आणि काही मरत. १९३३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते वजन घटवायला वापरून पाहिलं. वजन खरंच घटलं. हाफ क्लच दाबून स्कूटरची रेस पिळली, की पेट्रोल भरपूर जळतं, गाडी मात्र पुढे जात नाही, इंजिन तापत राहतं. डीएनपी प्रत्येक पेशीत हेच करतं. चरबी जळते, पण त्यातून ऊर्जेऐवजी उष्णता निघते. मात्रा थोडी जास्त झाली, की शरीराचं तापमान चढत जातं. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही आणि याला उतारा नाही. लोकांचे डोळे मोतीबिंदूनं गेले, काही दगावले आणि १९३८ साली अमेरिकेनं माणसांसाठी त्याचा वापर थांबवला. इंटरनेटवर ते अजूनही विकलं जातं. २०१५ साली ब्रिटनमध्ये एका २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा अशाच ऑनलाइन मागवलेल्या गोळ्यांनी मृत्यू झाला.

'पण डबीवर सरकारी परवाना नंबर आहे!'

तो एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक. त्याचा अर्थ इतकाच, की हा उत्पादक अन्नपदार्थ बनवण्या-विकण्यासाठी नोंदलेला आहे. बिस्किटाच्या पुड्यावरही तोच असतो. गोळीनं वजन घटतं, हे कुणी तपासून दिलेलं प्रमाणपत्र तो नव्हे. त्याच डबीवर बारीक अक्षरांत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असंही छापावं लागतं. जाहिरातीच्या चित्रात ही ओळ सहसा दिसत नाही.

कायद्यात मजा आहे. १९५४ च्या औषधं आणि जादुई उपाय कायद्यानुसार ज्या आजारांवर इलाज करण्याची जाहिरात करता येत नाही, त्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणून जाहिरातदार 'लठ्ठपणा बरा करतो' असं लिहीत नाहीत. 'मेटाबॉलिझम बूस्ट', 'पोट सपाट', 'आतून स्वच्छ' असं लिहितात आणि वस्तू अन्न म्हणून विकतात. अन्न म्हटल्यावर औषधासारखी चाचणी द्यावी लागत नाही.

मग डॉक्टर वजनासाठी औषधं देतात ती?

ती वेगळी. ऑर्लिस्टॅट जेवणातल्या चरबीचा काही भाग आतड्यात शोषू देत नाही. वर्षभरात पोकळ गोळीपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त वजन उतरतं. तेलकट जेवण घेतलं, तर संडासावरचा ताबा सुटण्याची लाजिरवाणी वेळही येते. सेमाग्लुटाइडसारखी नवी इंजेक्शनं यापेक्षा बरीच प्रभावी आहेत, पण थांबवली की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं. ही औषधं निर्दोष आहेत असं कुणी म्हणत नाही. त्यांचा फायदा किती, दुष्परिणाम कोणते, कुणी घेऊ नयेत, हे हजारो माणसांवर तपासून लिहून ठेवलेलं आहे आणि ती देणारा डॉक्टर तुमची किडनी, साखर, रक्तदाब बघून देतो. डबीवरच्या मॉडेलनं यांतलं काही बघितलेलं नसतं.

आधीच घेत असाल तर

चहा किंवा गोळी चालू असेल आणि पायात गोळे, चक्कर, धडधड अशी लक्षणं असतील, तर ती थांबवा आणि डॉक्टरांकडून रक्तातले क्षार तपासून घ्या. छातीत धडधड असेल, तर ईसीजीही लागेल. लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर यकृताच्या चाचण्या त्याच दिवशी करायला हव्यात. बरेच रुग्ण डॉक्टरांना 'मी कुठलंच औषध घेत नाही' असं सांगतात, कारण हर्बल डबीला ते औषध समजत नाहीत. मग डॉक्टर काविळीचं कारण भलतीकडेच शोधत बसतात आणि इकडे घरी गोळी चालूच राहते.

म्हणून डबी फेकून देऊ नका, अगदी रिकामी असली तरी. तिच्यावरचा बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि उरलेल्या दोन-चार गोळ्या डॉक्टरांना दाखवा. दुष्परिणामाची नोंद देशभरातून गोळा करणाऱ्या यंत्रणेचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. त्यावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नसते.